वाईट बोलणार नाही, या अटीवर

कुंभिवलीजवळच्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. भट्टीपाशी वाफ कोंडते, पंखा बसवा, असं मी दोनदा लेखी कळवलं. पंखा आला नाही, माझा खोकला मात्र वाढला. शेवटी राजीनामा द्या, वर काही रक्कम देऊ, असं ठरलं. भांडायचं त्राण मलाही उरलं नव्हतं.

कार्मिक अधिकाऱ्यांनी इंग्रजीतला करार पुढे सरकवला. "बाई, नेहमीचंच आहे. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"घरी नेऊन वाचते."

त्यांना ते आवडलं नाही, पण प्रत दिली.

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या वकिलांकडे गेले. त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, "उद्या डॉक्टरांनी कशात काम करत होता म्हणून विचारलं तर काय सांगाल?"

कारखान्यात पाहिलेलं काहीही, कधीही, कोणालाही सांगायचं नाही आणि कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही, असं करारात होतं. मोडलं तर सगळी रक्कम परत.

"ग्रॅच्युइटी आणि फंड तुमच्या हक्काचे. त्यासाठी ही सही लागत नाही," ते म्हणाले. "सही फक्त वरच्या रकमेसाठी. म्हणजे परत करायचं झालं तर तेवढंच, हेही लिहून घ्या. रंगाची कृती गुप्त ठेवा, ते रास्त आहे. पण डॉक्टर, वकील, घरचे, सरकारी निरीक्षक आणि कोर्ट यांना सोडून बाकीच्यांपुरतं बंधन हवं. कोर्टात खरं सांगू नका असं कोणताही करार म्हणू शकत नाही, तरी शब्द असलेले बरे. आणि त्यांनीही तुमच्याबद्दल वाईट बोलायचं नाही."

पुढचा आठवडा हेलपाट्यांत गेला. शेवटचा मुद्दा अधिकाऱ्यांना पटेना. "एवढ्या माणसांच्या तोंडाची हमी कशी देणार?" मग मॅनेजर आणि ते स्वतः, दोघांपुरतं मान्य झालं. कामाच्या दाखल्याचा मजकूरही करारालाच जोडला. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली प्रत हातात आल्यावरच मी उठले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. नुसतं निजावंसं वाटलं.

डॉक्टरांना मी वाफेचं सगळं सांगितलं. न घाबरता सांगता आलं, एवढं त्या हेलपाट्यांनी दिलं.

काही महिन्यांनी शेजारची सूनबाई दारात आली. तिला त्याच प्रयोगशाळेत बोलावलं होतं.

"ताई, तितं काम बरं हाय का गं?"

ती करारातल्या कोणत्याच अपवादात बसत नव्हती.

"मला त्याबद्दल बोलता येत नाही," मी म्हटलं. "सही करून आलेय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग आमी काय समजायचं?"

तिने पदर सावरला आणि ती गेली. ती कामाला लागली नाही, एवढं पुढे कळलं. का, ते मी विचारलं नाही.