सात किलो लोण्याचं तूप

बचत गटात हिशेबाचं काम माझ्याकडे आलं, कारण बारावी झालेली मी एकटीच. त्याचा मला भारी तोरा होता. आसनगावच्या एका बाईंनी दिवाळीसाठी पाच किलो साजूक तूप सांगितलं, तेव्हा लोणी किती लागेल हे सगळ्यांनी मलाच विचारलं. मी बोटांवरही न मोजता सांगितलं, "किलो लोण्याचं पाऊण किलो तूप. सात किलो घ्या, पाव किलो उरेलच."

पाऊण किलोचं हे माप माझ्या आईचं. ती लोणी गार पाण्याने तीनदा धुवायची, तळहाताने दाबून पाण्याचा टिपूस काढायची आणि मगच तोलायची. मी माप तेवढं लक्षात ठेवलं.

आम्ही सहाजणींनी महिनाभर लोणी साठवलं. डब्यात लोणी, वर बुडेल इतकं पाणी आणि डबा बर्फाच्या कप्प्यात, म्हणजे वास लागत नाही. ठरल्या दिवशी सकाळी सगळ्या डबे घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. मी डबे पालथे घालून ते दगडासारखे गोळे काट्यावर ठेवले. बरोबर सात किलो भरले. वर पांढरा बर्फ चिकटलेला दिसत होता. लोणीही पांढरंच, मी कशाला निरखून बघू?

चुलीपाशी काकी बसल्या. आमच्या नात्यातल्या नव्हेत. शेवटच्या आळीतल्या, वयाने मोठ्या, म्हणून सगळ्या त्यांना काकी म्हणायच्या. तूप कढवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. लोणी वितळलं तसं कढईत कडकड सुरू झालं आणि थांबेचना. त्या मला म्हणाल्या, "पोरी, लय वेळ कडकडतंय गो. पानी लय हाय याच्यात. तूप कमी पडंल."

"काकी, हिशेब झालाय. तुम्ही फक्त ढवळा," मी म्हणाले. हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

शेवटी आवाज बसला, फेस गेला, तळाची बेरी बदामी झाली. काकींनी फडक्यातून तूप गाळलं. मी तोललं, तर चार किलो शंभर. पुन्हा तोललं. तेवढंच.

माझ्या हिशेबाने किलोभराहून जास्त तूप कमी होतं. मधे बाकीच्या जेवायला आपापल्या घरी गेल्या होत्या, मी आत गेले होते आणि चुलीपाशी काकी एकट्याच होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "काकींची पिशवी बगा." मी अडवलं नाही. पिशवीत एक स्टीलचा डबा निघाला. आत बेरी होती. कढवणारीने बेरी न्यायची ही आमचीच रीत, तरी तो डबा माझ्याच काट्यावर ठेवला गेला आणि त्यातली बेरी बोटाने उकरून बघितली गेली.

काकी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. डबा तिथेच ठेवून उठल्या. "मी बोलली व्हती, पानी हाय. तुमी आयकलं नाय," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि गेल्या. गटातलं नाव त्यांनी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडून काढून घेतलं.

आठ दिवसांनी माझ्या घरचं लोणी कढवायचं होतं. गोठलेला गोळा तोलला, किलोभर भरला. त्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी तो परातीत सुटू दिला. परातीत पाणी साचलं. ते ओतलं, लोणी आईसारखं दाबून पुन्हा तोललं तर पाऊण किलोच्या जरा वर. तूप निघालं पाचशे ऐंशी ग्रॅम. पाटीवर गुणाकार मांडला. सात किलोंचं चार किलो साठ. काकींच्या कढईतलं तूप त्याहून चाळीस ग्रॅम जास्तच होतं.

उठून शेवटच्या आळीत जायला मला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही. माझा हिशेब चुकला हे गटासमोर म्हणण्यापेक्षा एका बाईचं नाव खराब राहिलेलं मला परवडलं. इतकी मी हलकी.

मी फक्त नियम काढला: लोणी सुटू द्यायचं, पाणी निथळायचं, दाबायचं, मगच काट्यावर. कारण सांगितलं नाही. गटात मला सगळ्या ताई म्हणत; ताईंनी सांगितलं म्हणून सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या खेपेला सात किलोंचं सव्वापाच किलो तूप उतरलं.

काट्यावरचा आकडा बघून एक जण हसली. "बगितलं का? काकी गेली न् तूप पुरायला लागलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.