बाईंनी 'बरे झाले' लिहिलंच नाही

घाबरलेल्या माणसाला 'काही होत नाही हो' असं न सांगणारी एकच व्यक्ती मला अख्ख्या रायपुरात भेटली, आणि गंमत म्हणजे घाबरलेल्या माणसांशी बोलणं हेच तिचं काम होतं. शंकर नगरात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर तिची खोली. दारावर 'समुपदेशक' अशी पाटी. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं. नंतर आपोआप बाई म्हणू लागलो, कारण शाळा सुटल्यापासून माझी थाप इतक्या शांतपणे कुणी पकडली नव्हती.

माझं दुखणं सांगायचीही लाज वाटे. न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधलं की माझी छाती धडधडायची, हात गार पडायचे आणि आता संपलं असं वाटायचं. एकदा तर अर्धे केस कापलेले असताना मी कापडासकट उठून ब्राह्मणपाऱ्याच्या रस्त्यावर पळत सुटलो. त्यानंतर न्हाव्याकडे जाणंच सोडलं. केस खांद्यावर आले. रेल्वेच्या ऑफिसात मी नवस केलाय अशी बातमी पसरली, आणि नवा आलेला एक शिपाई रोज सकाळी माझ्या पाया पडू लागला. शेवटी घरी ही म्हणाली, "काहून केस कापून नाही राहिले तुम्ही? लोक मले विचारतात, भाऊ हिमालयात कधी चालले." तेव्हा कुठे मी खरं सांगितलं, आणि हिनेच बाईंचा पत्ता काढला.

बाईंनी आधी मला हृदयाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. तिथे सगळं ठीक निघाल्यावर मगच काम सुरू झालं. ते काम बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही वेड लागलंय असंच म्हटलं असतं. कधी मला फिरत्या खुर्चीत गरगर फिरवायच्या, कधी बारीक नळीतून श्वास घ्यायला लावायच्या. न्हाव्याच्या खुर्चीत होतं ते सगळं इथे मुद्दाम घडवायचं आणि त्यात बसून राहायचं. टेबलावरचा कपडा गळ्याभोवती बांधून बसण्याचा तर आमचा पाठच होता. मी एकटा बावळट दिसू नये म्हणून त्या स्वतःही एक कपडा बांधून समोर बसायच्या. असे आम्ही दोघं गळ्यात कपडे बांधून गंभीरपणे बोलत असताना चहावाला आत आला होता. तो पुढे कधी वर आला नाही, खालूनच हाक मारायचा.

भीतीबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "येईल ठोंबरेजी, परत परत येईल. पाहुणी आहे, सासू नाही. येऊ द्या, बसू द्या, तिच्यासाठी उठबस करू नका." माझ्या उठबशीची यादीही त्यांनीच मला दाखवून दिली होती: हातात सदा पाण्याची बाटली, दाराजवळचीच खुर्ची, आणि न्हाव्याच्या बाकावर सोबतीला बसवलेली बायको. यातलं एकेक सोडत सोडत मी बाटलीशिवाय, पण हिच्यासह, केस कापून घेण्यापर्यंत आलो.

भेटी आठवड्याच्या पंधरवड्यावर गेल्या, मग महिन्यावर. आणि एके दिवशी बाईंनी शांतपणे विचारलं की आता शेवटची भेट कधी ठेवू या. बाईंकडे येणं थांबल्यावर माझं काय, हाच प्रश्न. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की अलीकडे मला कबुतरांची भीती वाटते. बाईंनी 'कबुतर' असं लिहून घेतलं, किती दिवसांपासून ते विचारलं, आणि तारीख तीच ठेवली.

शेवटून दुसऱ्या भेटीत त्यांनी एका कागदाचा कच्चा मसुदा समोर ठेवला. आपलं काम संपताना मी प्रत्येकाला असं पान देते, म्हणाल्या, पण ते दोघांनी मिळून पक्कं करायचं. पटणार नाही ते खोडा. आम्हा रेल्वेवाल्यांना आजारानंतर 'फिट' असा शेरा मिळाल्याशिवाय बरं झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून मी विनंती केली, "बाई, फक्त एक ओळ टाका. पूर्ण बरे झाले, ड्यूटीसाठी फिट."

"तुम्ही एक दिवस तरी सुट्टीवर होता का?" बाईंनी विचारलं. "मग दाखवणार कोणाला, न्हाव्याला?"

'बरे झाले' त्यांनी लिहिलंच नाही. उलट लिहिलं होतं की भीती परत येऊ शकते, आणि ती आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. निरोपाच्या वेळी कुणी असं अशुभ लिहितं का? मला खरंच राग आला. मी ती ओळ खोडली. बाईंनी खोडू दिली, आणि मग विचारलं की उद्या भीती आलीच, आणि कागदावर 'बरे झाले' असेल, तर कोण खोटं ठरेल, कागद की तुम्ही? मी ती ओळ पुन्हा लिहिली, माझ्या हाताने.

पानावर मी कशासाठी आलो, भीती कशाने टिकून राहिली आणि मी स्वतः काय काय केलं ते साध्या शब्दांत होतं. पुढे धोक्याच्या खुणा: बाटली परत हातात येणं, 'पुढच्या रविवारी कापू' असं म्हणणं. तसं होऊ लागलं तर आधी काय करायचं, तरीही टळत राहिलं तर त्यांना फोन करायचा. छातीत वेगळंच काही दुखलं तर मात्र सरळ दवाखाना. तीन महिन्यांनी एक भेट ठेवली होती. बाहेर कुठे समोरासमोर आलो तर बाई आधी ओळख दाखवणार नाहीत, मी दाखवली तरच दाखवतील, असंही होतं. आणि शेवटी: 'भेटी संपवायचं ठरलं त्याच दिवशी तुम्हाला कबुतरांची भीती सुरू झाली. निरोप जड जातो, हे त्याचं सरळ नाव आहे. मलाही जातो.'

ती शेवटची ओळ मी बराच वेळ वाचत होतो.

शेवटच्या भेटीला हिने डबाभर अनारसे दिले. बाईंनी त्यातला एक माझ्यासमोर बसून खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि डबा परत दिला. वेळ संपल्यावर नेहमीसारख्याच उठल्या. मी "येतो" म्हणालो आणि जिन्यात आठवलं की आता यायचं नाही. जिन्यातच रडलो, अनारशांच्या डब्यासकट.

त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटा न्हाव्याकडे गेलो. बाटली नाही, बायको नाही. शर्टाच्या खिशात ते पान मात्र होतं. कापड बांधल्यावर लक्षात आलं की पान कापडाखाली आहे, हातही कापडाखाली आहेत, आणि मानेवर वस्तरा आहे. मग ती आलीच. छाती, हात, सगळं जुन्यासारखं. पान आठवू लागलो तर एक शब्द आठवेना. आठवलं फक्त कबुतर. मला हसू फुटलं.

"झन हिलव भैया," न्हावी म्हणाला.

मी हललो नाही. पाहुणी आली, बसली, कंटाळली आणि गेली. माझ्या हाताने लिहिलेली ती ओळ तेव्हा आठवली, आणि ती खरी होती याचा इतका आनंद मला 'फिट'ने झाला नसता.

तीन महिन्यांची भेट होण्याआधीच एकदा भाजीबाजारात बाई दिसल्या. माझ्यासोबत ऑफिसातले दोघं होते. बाईंची नजर माझ्यावरून कोहळ्यावर गेली, कोहळ्यावरून भेंडीवर. ठरल्याप्रमाणे ओळख नाही. मलाही या दोघांसमोर सांगता येईना. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली आणि ताजी कापलेली मान त्यांना नीट दिसेल असा उभा राहिलो.

जरा वेळाने वळून पाहिलं. बाई भेंडी निवडत हसत होत्या. मग त्यांनी हळूच एक बोट वर केलं. माझ्या डोक्यावरच्या तारेवर दोन कबुतरं बसली होती.

मी तिथून हललो नाही.