वाफेचे केस

महिपतकाका मेलेल्या बाईला दुसऱ्या बाईचे केस लावून देतात, अशी बातमी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पसरली होती. कुणी म्हणे ते केस नेटवरून उतरवतात, कुणी म्हणे गिऱ्हाईक बायकांच्या फोटोंतून कापून ठेवतात. बातमी पसरवणारी बाई आमच्याच घरातली होती, माझी आजी राहीबाई, त्यामुळे ती दुरुस्त करणं माझ्याकडेच येतं. केस दुसऱ्या कुणाचे नव्हते. ते वाफेचे होते.

महिपतकाकांचा स्टुडिओ महाडच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. वय साठीकडे झुकलेलं, चष्मा कपाळावर आणि बोलणं नाकातून. प्रत्येक वाक्याआधी 'हं, म्हणजे कसंय' म्हणतात आणि ते कसंय हे पुढे सांगतीलच असं नाही. मला सगळ्यांचे आवाज काढायचा नाद आहे, आणि काकांचा सगळ्यात हुबेहूब जमतो. मशीनचा त्यांना राग आहे असंही लोक म्हणतात. तेही खोटं. शाळेतल्या दोनशे मुलांचे ओळखपत्राचे फोटो आले की काका बटण दाबतात आणि चहा पितात. माझ्या मामेबहिणीचे, तेजश्रीचे, कुरळे केस पांढऱ्या भिंतीसमोर होते. एआयने एकेक बट अशी सोडवली की काका स्वतःच वाकून बघत बसले. "हं, म्हणजे कसंय, मी हे हाताने केलं असतं तर पोरीच्या डोक्यावर मडकं ठेवल्यासारखं दिसलं असतं. वर दोन दिवस गेले असते."

आमचं काम होतं जानकीआजीचं, म्हणजे राहीआजीच्या धाकट्या बहिणीचं. दोघी एकाच घरात दिलेल्या. तिला जाऊन वर्ष होत होतं. शनिवारी उमरठला, आमच्या गावच्या घरी, वर्षश्राद्ध, आणि भिंतीवर लावायला फोटो हवा. आधारकार्डावरच्या फोटोत ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. बाकी सगळीकडे डोक्यावर पदर नाकापर्यंत. हसताना फोटो एकच. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करून ती केस मोकळे सोडून वाळवत बसली होती, तेव्हा भरतकाकाने, तिच्या मुलाने, मोबाईलवर काढलेला. पांढरे केस, मागे पांढरी वाफ.

राहीआजीने आधीच बजावलं होतं. "माझी बहीण दिसली नाय, तर मी हार घालायची नाय. मोकळ्या भिंतीला पान वाढा."

आमच्या घरात गेलेल्या प्रत्येक माणसामागे निळा पडदा असतो. आजोबांमागे आहे, पणजोबांमागे आहे. तसाच इथेही हवा होता. भरतकाका मुंबईहून आलेला, त्यामुळे घाईत. "काका, एआय से करा ना. एक क्लिक का काम हाय. टाइम नाय माझ्याकडं."

काकांनी क्लिक केलं. सहा सेकंदांत जानकीआजी निळ्यासमोर आली. चेहरा, खांदा, लुगड्याचा काठ, सगळं सुरीने कापल्यासारखं स्वच्छ. फक्त मोकळे केस गेले होते. मशीनला केस कुठे संपतात आणि वाफ कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून त्याने कवटीपाशीच कापलं. आणि डाव्या कानावर वाफेचा एक गोळा मात्र केस समजून ठेवून दिला.

राहीआजीने फोटो हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग भरतकाकाकडे बघितलं.

"हिचं मुंडन कुणी केलं रे?"

"मावशे, मशीन हाय ते."

"मशीनला काय कानाशी कापूस ठेवायची गरज पडली?"

महिपतकाका म्हणाले, हाताने करतो, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत कॉलेज सुटल्यावर मी तिथेच होते, कारण आजीने मला पाळतीवर ठेवलं होतं. काकांनी चेहरा आणि लुगडं मशीनने निवडलेलंच ठेवलं. केसांच्या भागावर मात्र स्वतः मास्क रंगवायला बसले. मास्क म्हणजे फोटोवर टाकलेला पडदाच. पांढरं रंगवाल तिथे फोटो दिसतो, काळं रंगवाल तिथे लपतो, करडं रंगवाल तिथे अर्धवट. काका केसाएवढ्या बारीक पांढऱ्या ब्रशने एकेक बट ओढत होते. जीभ बाहेर, श्वास बंद, रांगोळी काढणाऱ्या बाईसारखे.

गुरुवारी फोटो तयार झाला. केस होते, भरपूर होते. आजीने त्यांवर बोट ठेवलं.

"हे कुणाचे?"

"तिचेच, राहीबाई."

"जानकीचे केस कमी झाले होते. मी तेल लावायची, मला म्हाईत. ही केरसुणी कुणाच्या डोक्यावरची आणलीत?"

त्याच दुपारी ती एसटीने पोलादपूरला गेली आणि बातमी स्टँडवर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गिऱ्हाइकं स्टुडिओत आली, आपले जुने फोटो परत मागायला. एकीने काकांसमोर मोजून घेतले.

मलाही शंका होतीच. मी विचारलं, "काका, खरं सांगा, केस मनाने रंगवलेत ना तुम्ही?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मास्क बाजूला करून मूळ फोटो दाखवला आणि इतका मोठा केला की नुसते चौकोन दिसायला लागले. "सांग, यातला केस कुठला?"

मला सांगता येईना. पांढऱ्यावर पांढरं.

"मलाही दिसत नव्हता. मी अंदाजाने बटा ओढल्या. मास्कमध्ये मी केसाच्या आकाराची फट पाडली, आणि फटीतून दिसली ती वाफ. तुझी आजी खोटं नाही बोलली. मशीनला दिसलं नाही तर ते कापतं. मला दिसलं नाही तर मी बनवतो. माझं जास्त वाईट."

मग ते भरतकाकाला फोन लावून म्हणाले, निळा पडदा विसरा. तिकडून पाच मिनिटं 'लेकिन घर में सबका ब्लू हाय' चाललं. काकांनी फोन टेबलावर ठेवून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "हं, म्हणजे कसंय, गडद रंगावर त्या केसांची कडा दाखवावीच लागते, आणि कडा फोटोतच नाही. आईचे केस हवेत की पडदा हवा?"

मग त्यांनी कमी काम केलं. मागे पांढुरका, किंचित राखाडी रंग घेतला. रंगवलेल्या सगळ्या बटा पुसल्या. केसांभोवती मोठ्या मऊ ब्रशने मास्क करडा करत नेला, म्हणजे थोडी वाफ तशीच राहिली आणि हळूहळू मागच्या रंगात विरली. वीस मिनिटं लागली. मला ती चक्क हातचलाखी वाटली.

मी म्हटलं, आजी यातही खोट काढणार, लावा पैज. काका म्हणाले, लावली. मी हरले तर आठ दिवस कुणाचाही आवाज काढायचा नाही, आणि त्यांचा तर मुळीच नाही. ते हरले तर स्टुडिओच्या दारात उभं राहून मी केलेली त्यांची नक्कल ऐकायची, टाळ्या वाजवून.

शनिवारी उमरठला काका स्वतः फोटो घेऊन आले. आजीने तो उजेडात नेला. उलटा करून मागचा पुठ्ठासुद्धा बघितला. कानापाशी बोट नेलं, कपाळापाशी नेलं. मी 'केरसुणी'ची वाट बघत होते.

"तेल नाय लावलेलं," ती म्हणाली. "कुंडावरनं आली की लावूच द्यायची नाय, वाळू दे म्हणायची."

मग तिने भरतकाकाला खिळा कुठे ठोकायचा ते दाखवलं, निळ्या पडद्यांच्या रांगेत, आजोबांच्या शेजारी, आणि हार स्वतः घातला.

महिपतकाका पानावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी विचारलं, "काका, भात वाढू?" अगदी माझ्या स्वतःच्या आवाजात.