बारा आणि चौदाच्या मधले ढीग

आमच्या खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. शेतकऱ्यांच्या कंपनीचं केंद्र, मंगरूळपीरच्या बाजूला. पोत्यात परखी, म्हणजे दाणे काढायची पोकळ सळई, खुपसायची, मूठभर दाणे यंत्रात टाकायचे, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, एका लॉटला एक चिठ्ठी. यंत्र जुनं, अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने आकडा दाखवणारं. बारापर्यंत ओलावा असेल तर माल सरळ गोदामात. बाराच्या वर पण चौदाच्या खाली असेल तर अंगणात वाळवणीला, प्रत्येक लॉटचा वेगळा ढीग. चौदा किंवा त्याहून जास्त असेल तर गाडी परत. संचालकांचा ठरावच होता तसा. फाटकावरच्या फळ्यावर मात्र ‘१२ ते १४ वाळवण’ एवढंच रंगवलेलं. बारा आला की पोतं शिवायला घ्यायचं, हे हमालांनाही पाठ होतं, म्हणून फळ्याकडे कोणी बघत नसे.

व्यवस्थापक बघत असे. तो त्या हंगामात नवा आला होता आणि मी त्याला पहिल्या दिवसापासून खटकत होते. बाई असून परखी हातात, आणि शेतकरी वाद घालायला त्याच्याकडे न जाता माझ्याकडे येतात, एवढं पुरेसं होतं. मलाही तो आवडत नव्हता. ते मी लपवलं नाही.

एका दुपारी त्याने मला ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत बसलेले, संगणकावर काम करणारी बाई तिच्या जागी. ती गावातल्या कापड दुकानदाराची सून, कामाला चोख, पण व्यवस्थापकाला घाबरणारी. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. मला ओलावा मोजण्यावरून काढून टाकण्याचा. फक्त सही बाकी होती.

व्यवस्थापकाचं म्हणणं असं की संगणकावर त्या आठवड्याचे वाळवणीचे चौऱ्याहत्तर लॉट दिसतात आणि अंगणात ढीग अठ्ठेचाळीसच आहेत. सव्वीस ढीग कुठे गेले? ते मी ओले असताना कोरडे म्हणून गोदामात घुसवले, असं त्याचं उत्तरही तयार होतं.

“आसेगावचे किती लोकं येतात ह्यायच्याकडं, इचारा,” तो अध्यक्षांना म्हणाला. “माहेर हाय ना थे.”

“माहेर हाय,” मी म्हटलं. “म्हून काय यंत्र आसेगावच्या दाण्याले वेगळं बोलते काय?”

अध्यक्ष म्हणाले, वाद नको, आकडा सांगा. त्यांना घरी जायची घाई होती. मीही आकडाच मागितला. आठवड्याच्या एकूण चिठ्ठ्या किती, ते विचारलं. दोनशे बारा. मग गोदामातले, वाळवणीचे आणि परत गेलेले, तिन्ही मिळून किती होतात, ते विचारलं. संगणकवाल्या बाईने बेरीज केली. एकशे एकोणचाळीस, चौऱ्याहत्तर आणि पंचवीस. दोनशे अडतीस.

मी म्हटलं, मी सव्वीस लॉट पळवले असते तरी बेरीज चिठ्ठ्यांएवढीच भरायला पाहिजे होती. इथे सव्वीस जास्त आहेत. जे आलेच नाहीत ते मी पळवले कसे?

व्यवस्थापक म्हणाला की त्याचा अर्थ चिठ्ठ्याही गायब आहेत. म्हणजे आरोप दुप्पट झाला. मी हसले, आणि त्याने ते लक्षात ठेवलं.

मी संगणकासमोर जाऊन उभी राहिले. संगणकाचा वर्ग मी पोरांच्या बरोबरीने केला होता, चाळिशीनंतर. वाळवणीच्या चौकटीवर क्लिक करायला लावलं. वर लिहिलेलं होतं: =COUNTIFS(C2:C213,">=12",C2:C213,"<=14"). म्हणजे बारा किंवा जास्त, आणि चौदा किंवा कमी. फळ्यावर जसं रंगवलं तसंच. बरोबर बारा असलेले लॉट गोदामाच्या आकड्यात होतेच, इथेही मोजले गेले. बरोबर चौदावाले परत गेलेल्यांत होतेच, तेही इथे आले.

मी विचारलं की हे बरोबरीचं चिन्ह कोणी घालायला सांगितलं. त्या बाईने मान वर केली नाही. “साहेबच म्हणले, ताई. फळ्यावर बारा ते चौदा आहे, तर तेच टाका म्हणले.”

व्यवस्थापक लगेच म्हणाला, मग सोपं आहे. बारा नको, चौदा नको, तर उरला तेरा. तेरा ते तेरा टाका. बाईने मुकाट्याने तेरा किंवा जास्त, तेरा किंवा कमी असं टाकलं. सोळा आले. आता बेरीज एकशे ऐंशी झाली, बत्तीस चिठ्ठ्यांना कुठेच जागा नव्हती.

“आता बत्तीस कोणं खाल्ले?” मी विचारलं. “हेही माह्याच माहेरच्यायनं?”

त्याला साडेबारा आणि साडेतेराची आठवणच राहिली नव्हती. हंगामभर माझ्या चिठ्ठ्यांवर रोज हे आकडे होते. त्याने चिठ्ठ्या पाहिल्याच नव्हत्या, फक्त बेरजा पाहिल्या होत्या.

मी तिला म्हटलं, दोन्ही ठिकाणचं बरोबरीचं चिन्ह काढ. बारापेक्षा नुसतं मोठं आणि चौदापेक्षा नुसतं लहान. अवतरणचिन्हं तशीच ठेव. तिने लिहिलं: =COUNTIFS(C2:C213,">12",C2:C213,"<14"). दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करणारे तेवढेच मोजले जातात, म्हणून बारा सुटले, चौदा सुटले, साडेबारा ते साडेतेरा मध्ये राहिले.

अठ्ठेचाळीस.

खिडकीतून अंगण दिसत होतं. ढीग मोजायला कोणी उठलं नाही. सकाळीच व्यवस्थापकाने ते दोनदा मोजले होते.

तो म्हणाला, मग ते सव्वीस कोणते होते, ते दाखवा. मी दाखवले. यादीत बरोबर बारा असलेले एकोणीस, बरोबर चौदावाले सात. बारावाल्यांत रिठदचे दोघं होते, इंझोरीचे होते, आसेगावचे तिघं. त्या तिघांची नावं त्याने बोटाने दाबून वाचली. ठरावात बारा गोदामात जातं, असं अध्यक्षांनीच मग सांगितलं, थोडं उशिरा.

“चला, चूक सापडली,” व्यवस्थापक म्हणाला आणि टाइप केलेला कागद फाइलखाली सरकवू लागला. मी त्यावर हात ठेवला. फाडा म्हटलं. अध्यक्षांनी फाडला. मग मी सभेचं पुस्तक मागितलं. व्यवस्थापकाने लिहिलं, ‘वाळवणीच्या संख्येत दुरुस्ती करण्यात आली.’

मी सही करायला नकार दिला. संख्या आपोआप बिघडली नव्हती, माझ्यावर चोरीचा ठपका आपोआप आला नव्हता. दुरुस्ती कोणाच्या चुकीची, ते लिहायला सांगितलं.

“कायले ताणून राह्यल्या, बाई?” तो म्हणाला. “उद्यापासून काम तर तुमीच करसान.”

“काम करीन म्हूनच ताणून राह्यली,” मी म्हटलं. “उद्या गेटावर कोणी इचारलं की सव्वीस ढिगायची बाई हेच काय, तर मले दाखवाले कागद पायजे.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि लिहून टाक म्हणाले. त्याने लिहिलं की व्यवस्थापकाने सांगितलेल्या सूत्रात सीमेवरचे आकडे धरले गेल्याने सव्वीस लॉट दोनदा मोजले गेले आणि मोजणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक नव्हती. ‘व्यवस्थापकाने’ हा शब्द त्याने इतका बारीक लिहिला की मी त्याला तो पुन्हा लिहायला लावला.

हंगाम संपेपर्यंत मी परखी सोडली नाही. आम्ही एकमेकांशी आकड्यांपलीकडे काही बोललो नाही, आणि त्यातही तो चिठ्ठी माझ्या हातातून न घेता टेबलावर ठेवायला सांगे. मी ठेवत असे, पण आधी त्यावरचा आकडा मोठ्याने वाचून.