कोऱ्या पावतीवरची सही

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्या वर्षी पाऊस आमचा पत्ता विसरला होता. टँकरमागे हंडे घेऊन धावायची सवय झाली होती. गॅससाठी मात्र किती धावणार? सासूबाई अहमदपूरकडच्या, दम्याच्या. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला की त्यांचा श्वास छातीतच अडकायचा. नंबर लावून दोन महिने झाले तरी सिलिंडर येईना. आधीही जेव्हा जेव्हा आला, तेव्हा गाडीवाल्याने पावतीपेक्षा जास्त पैसे घेतले होते.

"लई लांबून आणावं लागतंय बाई. परवडत न्हाई तर राहू द्या," म्हणायचा.

शेवटी मी जिल्हा पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार दिली, एक प्रत गॅस कंपनीला पाठवली. सुनावणीचं बोलावणं आलं. नव्या कार्यालयात कपाटं आलेली नव्हती. फायली खुर्च्यांवर बसलेल्या आणि माणसं उभी.

एजन्सीच्या मालकांनी शांतपणे एक पावती टेबलावर ठेवली. मागच्या महिन्यात माझ्या घरी सिलिंडर पोचल्याची. खाली माझी सही.

"बाई, सही तुमचीच?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

माझीच होती. मी दिवसभर शाळेत शिकवायला, म्हणून गाडीवाला पुढच्या पावतीवरही सही घेऊन ठेवायचा. गल्लीतल्या सगळ्याच नोकरदार बायका तसं करायच्या. पोरांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून दटावणारी मी! मला भयंकर लाज वाटली.

"माझीच. पण कोऱ्या पावतीवर आधीच केलेली."

"आता असंच म्हणणार," मालक हसले.

तक्रार खोटी ठरली तर सासूबाईंच्या नशिबी स्टोव्हच होता. मी पावतीवरची तारीख पाहिली. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस.

"साहेब, त्या दिवशी मी यांच्याच दारात तासभर उभी होते. फळ्यावर 'माल नाही' लिहिलं होतं. साठ्याचं रजिस्टर बघा."

अधिकाऱ्यांनी मालकांकडून एजन्सीचं रजिस्टर मागून घेतलं. बोट खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"शिल्लक शून्य, आवक शून्य. मग यांना दिला कुठून?"

मालकांचं हसू गेलं. अधिकारी माझ्याकडे वळले. "आगाऊ सही केल्याचंही जबाबात लिहा बाई." मी लिहिलं. स्वतःचा मूर्खपणा इतक्या सुवाच्य अक्षरात मी कधी लिहिला नव्हता.

एजन्सीला नोटीस निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सिलिंडर दारात आला, पावतीच्याच पैशांत. गाडीवाल्याने पावती पुढे केली, आणि तिच्याखाली दुसरी, कोरी.

"हिच्यावर बी करून ठेवा बाई. पुढच्या बारीला तरास न्हाई."

खरं सांगते, माझा हात पेनाकडे गेला होता.

"थांब गं," सासूबाई आतून धापा टाकत म्हणाल्या. "आधी शेगडी पेटव. मंग एकीवरच सही कर."