डाव्या कडेवर

कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने इस्त्री करणाऱ्या बायका पायांच्या नावाने खडे फोडतातच. त्यांतली ही एक इस्त्रीवाली मात्र कधी कुरकुरली नाही, आणि खरी गोम तिथेच होती.

डाव्या कुशीवर झोपलं की तिच्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागतं त्या हाडावर कळ यायची आणि मांडीतून खाली उतरायची. दुसरं कुणी असतं तर मुकाट्याने कूस बदलली असती. ही मुद्दाम डाव्याच कुशीवर झोपायची. कारण जिथे दुखायचं तिथेच तिची लेक बसायची. लेक जन्मात कधी पायांवर उभी राहिली नाही, चांगली थोराड झाली तरी आईच्या कडेवरच. ती जाऊन काही वर्षं झाली होती. पण कळ उठली की इस्त्रीवालीच्या मनात यायचं, आली माझी बाय. वेड वगैरे काही नव्हतं तिला. कापड कुठलं आणि त्याला आच किती, हे ती नुसत्या बोटांनी सांगायची. एवढी एकच गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती.

टेम्पो चालवणाऱ्या नवऱ्याने तिला आधी एका डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी हाड दाबलं, ती कळवळली. "हाडावर एक छोटी पिशवी असते, बर्सा म्हणतात. ती सुजलीय," म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. दुखणं पळालं, आणि त्याच्या मागोमाग तिची झोपही. पाठीशी नवरा घोरत होता, तरी बिछाना तिला ओसाड वाटायचा. काही आठवड्यांनी कळ परत आली, तेव्हा ती अंधारात हसली. तिला स्वतःचीच भीती वाटली, पण हसली खरी.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने एक व्यायाम शिकवला, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे टाकून ओढायचा. ओढताना बरं वाटे आणि दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट. ही तो व्यायाम नेमाने करू लागली. काय म्हणावं अशा बाईला!

मग एक दिवस जिन्यावर पाय लटपटला आणि शर्टांच्या गठ्ठ्यासकट ती खाली बसली. आता नवऱ्याने ऐकलं नाही. हात धरून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी तिला डाव्या एका पायावर उभं केलं. थोड्याच वेळात खुब्यावर तीच ओळखीची कळ आली. झोपवून पाय बाहेर ढकलायला लावला, तेव्हाही तीच. मग नवऱ्याने आधीच काढून घेतलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला.

"पिशवीत पाणी जेमतेम आहे," बाई म्हणाल्या. "ती कधीकधी सोबतीला सुजते. मूळ दुखणं टेंडनचं. ढुंगणाचे स्नायू ज्या दोरीने या हाडाला बांधलेत, ती जाड आणि कमजोर झालीय. त्या कुशीवर झोपलं, पाय आडवा ओढला, की ती हाडावर दाबली जाते. म्हणून इंजेक्शनचा आराम टिकला नाही. आणि ते ओढणं आजपासून बंद."

एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इस्त्रीवाली पलंगावरून उतरून उभी राहिली होती, डावा खुबा बाहेर काढून, सगळा भार त्याच पायावर टाकून.

"ताई, कडेवर कुणाला घेता हो?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

नवरा खिडकीबाहेर बघत होता. "स्वयंपाक करताना पण अशीच उभी असते," तो हळूच म्हणाला. "झुलते. मला दिसतं रोज. कधी बोललो नाही."

तिला वाटत होतं हे फक्त तिला माहीत आहे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या माणसाने एवढी वर्षं तेच पाहिलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग नवऱ्यानेच लेकीचं सगळं सांगितलं, बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मूल उचलायचात तेव्हा स्नायूंनाही काम होतं. ते काम सुटलं, स्नायू उतरले, उभं राहणं तेवढं तसंच राहिलं. महिने लागतील. उजव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. मी सांगेन ते ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवा. पण आधी खुबा आत घ्या."

"बरं झालं तर ती जाईल," इस्त्रीवाली म्हणाली. हे बाईंना नव्हतं, नवऱ्याला होतं.

 नवऱ्याने तिची कापडी पिशवी उचलून खांद्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी कामावर इस्त्री तापेपर्यंत ती टेबलाशी उभी होती. खुबा आपोआप बाहेर गेलेला तिच्या लक्षात आला. तिने दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवले. डावी बाजू एकदम रिकामी झाली, इतकी की तिचा हात सावरायला पुढे गेला. कडेवर असताना खाली रस्त्यावर पळणारी पोरं बघून लेक पाय हलवायची, ते तिला आठवलं.

"उतर, बाळा," ती कुणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली. "थोडं चाल."

मग तिने पहिला शर्ट टेबलावर पसरला.