उजव्या डोळ्यावरची पट्टी

लहानपणी माझा एक खेळ होता आणि तो मी कुणालाच सांगितला नव्हता. उजवा डोळा तळहाताने झाकायचा आणि डाव्याने बघायचं, बस. आमच्या फॅक्टरी क्वार्टरची खिडकी, खिडकीतला कडुनिंब, ओट्याशी पोळ्या लाटणारी आई, सगळं हळूहळू विरघळायचं. आईला चेहरा नसायचा, तिच्या साडीचा हिरवा रंग तेवढा इकडून तिकडे हलायचा. मदन महलच्या टेकडीवरचे ते दांडगे दगडसुद्धा मऊ होऊन आभाळात मिसळून जायचे. हात काढला की जग पुन्हा कडक. मला वाटायचं, देवाने प्रत्येकाला एक डोळा बघायला दिलाय आणि एक स्वप्नासाठी. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर सांगायचं तरी काय?

तो डावा डोळा जरासा नाकाकडे वळलेला होता. फार नाही, नीट बघितलं तरच कळेल इतका. आईच्या मैत्रिणी हनुवटी धरून म्हणायच्या, पोरगी किंचित तिरळी आहे, नशीबवान निघेल, लक्ष्मी आणेल. आई खूश व्हायची. मीही खूश व्हायचे, कौतुक कुणाला नको असतं! डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुखत नाही, लाल होत नाही, मोठी झाली की जाईल आपोआप, असं ठरलं आणि विषय संपला.

संपला कसला. मी नोकरीला लागले तेव्हा मेडिकलमध्ये माझा उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मी सगळ्यात वरचं एक अक्षर वाचलं, तेही अंदाजाने. खाली सगळा खेळच खेळ. तिथल्या डॉक्टरांनी चष्म्याच्या काचा बदलून बदलून बघितल्या आणि शेवटी विचारलं, लहानपणी कुणी तपासला नाही का हा डोळा? काम टेबलावरचं होतं म्हणून नोकरी मिळाली. त्यांनी सांगितलं, डोळ्यात खोट नाही. वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदूने लहानपणीच घ्यायचं सोडून दिलं, त्याला बघायची सवयच लागली नाही. आता या वयात फारसं काही हाती लागणार नाही. तेव्हा कळलं की कपात चहा ओतताना माझा अंतराचा अंदाज काहून चुकतो, आणि शाळेत प्रत्येक चेंडू काहून माझ्या नाकावरच यायचा. घरी येऊन मी आईला नुसतं एवढंच म्हटलं की मेडिकल झालं. चिडले होते, पण कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं.

इतकं सगळं कळलेली बाई आपल्या पोरीच्या बाबतीत तरी शहाणी असेल ना? नव्हते. माझी लेक चार वर्षांची झाली आणि तिचा डावा डोळा चित्रं काढताना, दमली असताना, नाकाकडे सरकायला लागला. तिचे बाबा म्हणाले, दाखवून येऊ. मी म्हटलं, बघू, सुट्टीत जाऊ. खरं सांगायचं तर मला तो डोळा आवडायचा. माझ्यासारखा होता. नाक बाबांचं, रंग बाबांचा, केस आजीचे, माझं म्हणावं असं एवढंच तर होतं तिच्यात.

मग एका दुपारी ती गच्चीवर चटईवर पडली होती. थंडीचं कोवळं ऊन, शेजारी मी मेथी निवडत बसलेले. तिने उजवा डोळा हाताने झाकला, वाळत घातलेल्या साड्यांकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “मम्मी, इस आँख से ना, सब घुल जाता है.”

घरात मराठी समजते तिला, बोलते मात्र हिंदी. घुल जाता है. विरघळतं. माझाच शब्द, दुसऱ्या भाषेतून परत आलेला. मेथीची जुडी तशीच राहिली. इतकी वर्षं मला वाटलं होतं की या खेळात मला कधीतरी जोडीदार मिळावा, आणि मिळाला तर मी घाईने तिचा हात डोळ्यावरून काढला.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि शहरातल्याच गोरखपूर भागात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी काहीच केलं नाही, नुसत्या गप्पा मारल्या. मग बोलता बोलता लेकीचा डावा डोळा झाकला, ती आरामात बोलत राहिली. उजवा झाकला, तर तिने त्यांचा हात ढकलून दिला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चित्रांच्या पाट्या झाल्या, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. थेंबांनी पोरीचे डोळे काळेभोर झाले, दारातून येणारा उजेड तिला सहन होईना, ती माझ्या ओढणीत डोकं घालून बसली. ओढणीतून म्हणाली की आता दोन्ही डोळ्यांनी घुलून राहिलं आहे.

थेंबांनंतर नंबर काढला, आतला पडदा तपासला. पडदा चांगला होता. प्लसचा नंबर निघाला, डाव्याला जास्त. जवळचं बघायला डोळा जोर लावतो आणि त्या जोरात आत वळतो, असं बाईंनी समजावलं. चष्मा पूर्णवेळ. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून, डाव्याची नजर मागेच राहिली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. वळलेला डोळा सरळ ठेवायचं काम चष्म्याचं, पट्टी नजरेसाठी. मी विचारलं, उशीर तर नाही झाला? त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे, पण वाया घालवायला नाही. ते वाक्य मी घरापर्यंत घोळवत आणलं.

चष्म्याने डोळा बराचसा सरळ झाला, नजर थोडी वाढून अडकली. मग पट्ट्या आल्या. कातडीला चिकटणाऱ्या, वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर कापड लावलं तर पोरं बाजूने डोकावतात म्हणून थेट डोळ्यावर. रोज दोन तास, आणि त्या वेळात रंगवायचं, मणी ओवायचे. मी ऑफिसात, म्हणून शाळेतून आल्यावर पट्टी लावायचं काम आईकडे. माझे बाबा गेल्यावर आई आमच्याकडेच, गढा भागातल्या घरात राहायला आली आहे. मी तिला तीनदा सांगितलं, उजव्या डोळ्यावर. तिने मान डोलावली.

दोन महिन्यांनी तपासलं तर डाव्या डोळ्याची एक ओळसुद्धा वाढली नव्हती. डॉक्टरबाईंनी विचारलं, पट्टी रोज लावता ना? मी फणकाऱ्याने म्हटलं, एक दिवस चुकला नाही. मग त्या म्हणाल्या, अजून काही आठवडे बघू, नाहीतर तास वाढवू. परतताना रिक्षात मला माझा मेडिकलचा दिवस आठवत राहिला. पोरगी माझ्या मांडीवर झोपून गेली होती आणि मी तिच्या मिटलेल्या डाव्या पापणीकडे बघत होते. हा डोळाही गेला तर तो माझ्यामुळे, माझ्या त्या लाडामुळे.

त्याच आठवड्यात एकदा ऑफिस लवकर सुटलं. घरी आले तर आई मटार सोलत होती आणि लेक मजेत चित्र रंगवत होती, जरा जास्तच मजेत. पट्टी डाव्या डोळ्यावर होती.

माझा तोल गेला. मी आईला नाही नाही ते बोलले. दोन महिने पाण्यात घातलेस, तुला साधं उजवं-डावं कळत नाही का, असं बरंच काही. आईला उजवं-डावं चांगलं कळत होतं. पहिले चार दिवस तिने उजव्यावर लावली. पोरगी धडपडली, रडली, आजी दिसत नाही म्हणाली. तेव्हा आईने आपल्या मनाने ठरवलं की डॉक्टरचं काहीतरी उलटं ऐकून आली असेल ही. अधू डोळ्याला झाकून आराम द्यायचा की चांगल्याला? पाय मुरगळला तर आपण मुरगळलेल्यालाच बांधतो ना.

मी म्हटलं, “आराम देऊनच तर माझा गेला, आई.”

तिला समजलं नाही. मग मी पहिल्यांदा सांगितलं. तो खेळ, कडुनिंब, तिचा हिरवा रंग, मेडिकलचा तक्ता, सगळं. आई ऐकत होती आणि हातातली शेंग तशीच होती. तिने विचारलं, “तुला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि तू सांगितलं काहून नाही?”

“मला वाटलं, सगळ्यांचं असंच असते.”

आई रडली नाही. उठली, नारळाचं तेल बोटावर घेतलं, नातीच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी न दुखवता सोडवली आणि नवीन पट्टी उजव्यावर लावली. त्या दिवसापासून पोरगी कितीही रडो, आई हलली नाही. धडपडू नये म्हणून दोन तास तिच्या मागेपुढे राहायची, तिच्याकडून मोहरीतून खडे वेचून घ्यायची, आणि आज आजी कशी दिसते ते रोज विचारायची. आधी उत्तर यायचं, हरी हरी, म्हणजे नुसती हिरवी. मग एक दिवस उत्तर आलं की टिकली तिरकी लागली आहे. आईने आरशात बघितलं. लागली होती.

पुढच्या तपासणीला दोन ओळी वाढल्या. त्याच्या पुढच्याला आणखी. वर्ष होत आलं तेव्हा डावा उजव्याच्या जवळपास पोचला होता. डॉक्टरबाईंनी पट्टी हळूहळू कमी केली, पण तपासायला येत राहा म्हणून बजावलं, कारण पट्टी सुटल्यावर नजर पुन्हा मागे पडू शकते. चष्मा आहेच. तो काढला की डोळा अजून नाकाकडे जातो, माझ्यासारखा.

परवा संध्याकाळी आम्ही तिघी ग्वारीघाटावर गेलो होतो. नर्मदेत दिवे सोडलेले, द्रोण एकामागून एक तरंगत चाललेले, घंटा वाजत होत्या. आई पायरीवर बसली होती. लेकीने चष्म्याखालून हात घालून उजवा डोळा झाकला, पाण्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं.

“मम्मी, वो खेल अब नहीं होता.”

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आत काहीतरी एकटं पडलं, हेही खरं. तिने विचारलं, तुझा होतो का अजून? मी हो म्हटलं. मग तिने माझा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला. हात थंड होता, नदीच्या पाण्याने ओला. माझ्यासमोर सगळी नर्मदा एक सोनेरी, हलणारा लगदा झाली, काठ नाही, दिवे नाहीत. ती कानाशी येऊन सांगू लागली, तिच्या मोडक्या मराठीत. तिकडे एक दिवा आहे. त्याच्या बाजूला दोन आहेत. एक द्रोण उलटला. आजी रडून राहिली आहे.

मी हात बाजूला केला आणि वळून बघितलं. आई पदराने डोळे पुसत होती.